डाव्या खिशातल्या चिठ्ठ्या

मोटारसायकलच्या लायसन्सच्या लेखी परीक्षेत पहिल्या वेळी मी दोन मार्कांनी राहिलो. आता यात लाजायचं काय असं कोणी म्हणेल, पण दिवसभर सायकलवर पार्सल पोचवणारा माणूस रस्त्याच्या नियमात नापास होतो हे ऐकून जिथून पार्सल उचलतो त्या पिकअपवरची पोरं आठवडाभर हसत होती. खरं सांगायचं तर मी पुस्तक उघडलंच नव्हतं. वाटलं रोज १०-१२ तास रस्त्यावरच असतो, अजून काय वाचायचं. पण रस्त्यावर राहून रस्त्याच्या सवयी लागतात, नियम नाही, आणि सवयी बऱ्याचदा आपल्यासारख्याच घाईवाल्या लोकांकडून उचललेल्या असतात.

मोटारसायकलचं लायसन्स पाहिजेच होतं, कारण सायकलवाल्याला ॲप लांबच्या ऑर्डरी देतच नाही. दुसऱ्या परीक्षेला तीन आठवडे होते. घरी जाऊन अभ्यास करायचा म्हटलं तर पाय धुतले की डोळे मिटतात. मग उरला तो मधला वेळ. तो असतो कसा तर पार्सल तयार व्हायला सात मिनिटं दाखवतात, होतात कधी चार कधी पंधरा, आणि त्यात तुम्ही काउंटरसमोर नुसते उभे. पुस्तक काढून दोन ओळी वाचल्या की नंबर पुकारणार, परत उघडलं की कुठे होतो तेच आठवत नाही.

म्हणून मी पुस्तक घरी ठेवलं आणि बिलाच्या टाकून दिलेल्या चिठ्ठ्यांच्या मागे एकेक प्रश्न लिहायला लागलो. एक चिठ्ठी एक प्रश्न, खाली बारीक उत्तर. न आलेल्या डाव्या खिशात, पक्क्या झालेल्या उजव्या. तो बिलाचा कागद उन्हानं तापला की काळा पडतो, पण मागचं पेनचं अक्षर टिकतं, एवढं बास होतं.

चिन्हं सगळ्यात आधी उजव्या खिशात गेली. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे सांभाळून, लाल काठाचा गोल म्हणजे हे करू नको, निळा गोल म्हणजे हे करायलाच पाहिजे. ‘थांबा’ची पाटी आठ कोनांची असते ती उगाच नाही, मागून पाहिली तरी तिच्या आकारावरून कळतं की समोरून येणाऱ्याला थांबायचंय. ‘रस्ता द्या’चा उलटा त्रिकोणही तसाच. हे कळल्यावर मी दोन दिवस पाट्यांच्या पाठीच बघत फिरत होतो, पिकअपवरचा पक्या म्हणाला तू पास होशील का माहीत नाही पण खांबाला नक्की धडकशील.

पक्याचं एक मात्र मानलं पाहिजे. पुढच्या गाडीपासून दोन सेकंद मागे राहायचं हा नियम मला पटत होता पण सेकंद मोजायचे कसे, घड्याळ बघत बसलो तर गाडी कोण बघणार. त्यानं वाक्य बनवून दिलं, “पुढच्याला जाऊ दे, मला जगू दे.” पुढची गाडी खांब ओलांडते तेव्हा सुरू करायचं, आपण खांबाला पोचायच्या आत संपलं पाहिजे. ओला रस्ता असेल तर दोनदा म्हणायचं. मी ते इतक्यांदा म्हटलंय की एकदा जिन्यावर पुढे चाललेल्या माणसाच्या मागेही तोंडातून निघून गेलं, त्यानं वळून असं बघितलं की विचारू नका.

तर एका संध्याकाळी चिठ्ठ्या चाळतोय आणि नंबर पुकारला, घाईत चिठ्ठी पिशवीतच पडली. वाटेत पाऊस. पार्सल दिलं, जिना उतरून खाली आलो तर फोन.

“अहो दादा, तुमच्या पार्सलला एक कागद चिकटलाय. ‘वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर थांबायचं अंतर किती?’ हे मला विचारलंय का?”

मी म्हटलं सॉरी काकू, माझा अभ्यास आहे तो, फेकून द्या.

“फेकून काय द्या? उत्तर चुकलंय. खाली ‘दुप्पट’ लिहिलंयस.” अहो-जाहो संपून अरे-तुरे सुरू झालं होतं. “वर ये.”

पुढची ऑर्डर अजून लागली नव्हती म्हणून गेलो. काकूंनी दारातच सांगितलं की आयुष्यभर फिजिक्स शिकवलंय, आणि माझ्याच चिठ्ठीवर पेन चालवायला लागल्या.

“तू सायकलवर आहेस ना? आता मोटारसायकल समज. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर काही दिसलं, तुला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला. किती पुढे गेलास?”

“दहा मीटर.”

“आणि ताशी ७२ ला?”

“वीस.”

“म्हणजे हे दुप्पटच झालं, इथपर्यंत तू बरोबर आहेस. पण ब्रेक दाबल्यावरचं वेगळं. कोरड्या रस्त्यावर ३६ ला साधारण १० मीटर पुढे जाशील, तर ७२ ला ४०. वेगाचा वर्ग होतो रे बाळा. दुप्पट वेग, चौपट अंतर.”

मी मनात बेरीज केली. वीस मीटरच्या जागी साठ. म्हणजे मी पहिल्या परीक्षेत ज्या प्रश्नाला अगदी बिनधास्त ‘दुप्पट’वर टिक केली होती, तिथे निम्मी गोष्ट बरोबर होती आणि निम्मी चूक, आणि मी इतके दिवस निम्म्यावरच चाललेलो. तेवढ्यात ऑर्डर वाजली. काकू म्हणाल्या जा, पण परीक्षा झाली की कळव. मी हो म्हटलं आणि पळालो.

त्या रात्री उतारावर माझ्या पुढची गाडी अचानक थांबली. फार काही घडलं नाही, मी दोनदा वाक्य म्हणण्याइतका मागे होतो, थांबलो, बास. पण ओल्या रस्त्यावर चाक जरासं सरकलं तेव्हा तो १० चा ४० डोळ्यासमोर उभा राहिला. सायकलवर माझा वेग तो काय असणार, तरी पण.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि मी हसलो, मग नीट वाचला तर वेग ‘तिप्पट’ होता. पाठ करून गेलो असतो तर तिथेच गचकलो असतो. तीन त्रिक नऊ. नऊपट दाबलं. बाहेर येईपर्यंत निकाल स्क्रीनवर, पास. पिकअपवर पक्यानं पाठीत असा गुद्दा घातला की अजून दुखतंय.

काकूंना कळवायचं राहिलंय. त्यांचा फोन ॲपमधून आलेला, खरा नंबर दोघांनाही दिसत नाही आणि ऑर्डर बंद झाली की तो नंबर कुठेच लागत नाही. घर माहीत आहे, पण मोठी बिल्डिंग, खाली वॉचमन, पार्सल नसताना काय सांगून वर जाणार. म्हणून एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, “काकू, पास झालो. तिप्पट विचारलं होतं, नऊपट लिहिलं.” दोन आठवडे झाले, त्या बिल्डिंगची ऑर्डर लागली नाहीये. चिठ्ठी डाव्या खिशातच आहे, एका बाजूनं काळी पडत चाललीय.