बाबा, ती टाचेची गाठ दाखवून या

मेलबर्न, १२ जुलै

ती. बाबांस सा. न.

काल व्हिडिओवर तुम्ही पाय वर घेऊन बसलात तेव्हा टाच दिसली. लगेच पाय खाली घेतलात, तेही दिसलं.

मे महिन्यात मी आले होते तेव्हा ती गाठ मुगाएवढी होती. आता वालाएवढी झालीय, एका बाजूने काळी पडलीय आणि कडाही वेड्यावाकड्या दिसतात. आई म्हणते, मोज्याला रक्त लागतं. कुळागरात काटा मोडला, कुरूप झालं, हे तुमचं म्हणणं खरंही असेल. पण दोन महिने चुना-गूळ लावून कुरूप रंग बदलत नाही, बाबा. आणि कृपा करून ते ब्लेडने कापू नका!

इथे गोऱ्या लोकांना उन्हामुळे त्वचेचा कॅन्सर फार होतो. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तो क्वचित, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावरच, आणि कुरूप समजून राहून जातो. असेलच असं मी म्हणत नाही. लहान तुकडा काढून तपासला की कळेल. जागा बधिर करतात, तेवढी सुई टोचेल. लवकर काढली तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

सोमवारी दादा सुट्टी घेतोय. सकाळीच फोंड्याहून निघा, बांबोळीला गोमेकॉत त्वचेच्या ओपीडीत दाखवा. मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. चवथीनंतर बघू म्हणाल, तर माटोळी बांधायला दुसरा माणूस शोधा. मी येणार नाही.

(येईनच. पण जा.)

तुमची,
शमा