बत्तीस रुपये आणि एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये

मंडळी, नमस्कार.

तुमच्या गुंतवणूक क्लबच्या चिटणीसबाईंनी फोन केला तेव्हा म्हणाल्या, वीस मिनिटं बोला, आणि पुढच्या वर्षी कोणते शेअर चालतील ते सांगा. मी म्हटलं, ते मला माहीत असतं तर या वयात सकाळी साडेसहाला उठून ताळेबंद वाचत बसलो नसतो. त्यापेक्षा मला जे नक्की येतं त्याबद्दल बोलतो. चुकायला मला चांगलं येतं. एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

2011 सालची गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. शेतीपंप बनवायची, एवढं पुरे. मी त्यावर पंचवीस पानी अहवाल लिहिला होता. भाव 420, टार्गेट 600, सल्ला ‘खरेदी’. अहवाल गाजला. एका वाहिनीवर मला बोलावलं. आमच्या हिने तो कार्यक्रम सासरी-माहेरी सगळ्यांना बघायला लावला. हे मुद्दाम सांगतोय. मत कागदावर असतं तोवर ते मत असतं. चारचौघांत बोलून झालं की ती अब्रू होते, आणि अब्रूच्या बाबतीत माणूस आकडेमोड करत नाही.

त्या वर्षी मार्चचे आकडे झकास आले. विक्री तेवीस टक्क्यांनी वाढली. पण येणी त्याहून कितीतरी जास्त वाढली होती. आधी गिऱ्हाइकाकडून पैसे यायला साधारण 64 दिवस लागायचे, ते 97 झाले. कॉन्फरन्स कॉलवर मी विचारलं. मॅनेजमेंट म्हणाली, मार्चएंडला मोठ्या ऑर्डरी आल्या, पुढच्या तिमाहीत पैसे येतील. मी लिहून घेतलं आणि पटवूनही घेतलं.

जुलैमध्ये एका लग्नासाठी सांगलीला गेलो होतो. मार्केट यार्डाजवळ त्या कंपनीचा एक डीलर होता, त्याच्या दुकानात सहज डोकावलो. मागच्या खोलीत पंपांची खोकी छताला टेकलेली. वरच्या खोक्यांवर इतकी धूळ, की कोणीतरी त्यात बोटाने हिशेब केला होता. मी विचारलं, एवढा माल? तो म्हणाला, “साहेब, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचा माणूस ट्रक उतरवून गेला. म्हणाला, बिल आत्ता घ्या, पैसे विकेल तसे द्या. आता पाऊस लागला, पंप कोण घेतंय?”

म्हणजे कंपनीच्या वहीत जी विक्री होती, ती सांगलीच्या त्या अंधाऱ्या खोलीत धूळ खात पडली होती. त्या रात्री लॉजवर मी डायरीत तीन शब्द लिहिले: ‘येणी. माल पडून.’ त्या दिवशीचा भाव होता 388.

आता मी काय केलं ते ऐका. ऑगस्टच्या अहवालात सल्ला ‘खरेदी’च ठेवला, टार्गेट 600 चं 540 केलं. एकाच डीलरवरून निष्कर्ष कसा काढायचा, असं स्वतःला सांगितलं. तेवढ्यावरून काढू नये हे खरंच आहे. पण मग आणखी पाच डीलरांना फोन करायला कोणी अडवलं होतं? मी केले नाहीत, कारण ते काय सांगतील याची मला भीती होती. नोव्हेंबरमध्ये टार्गेट 460 झालं आणि अहवालात ‘अल्पकालीन अडथळे’ हे दोन शब्द आले. आमच्या धंद्यात हे शब्द दिसले की समजावं, लिहिणाऱ्याला पोटात गोळा आलाय. भाव तेव्हा 305. फेब्रुवारीत मी सल्ला ‘होल्ड’ केला. होल्ड म्हणजे घरातल्या माणसाने “बघू” म्हणण्यासारखं आहे. नाही म्हणायचं असतं, तोंड उघडत नाही. भाव 210.

मग फोन आले. त्यातला एक सोलापूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा होता. आवाज चढला नाही, काही नाही. एवढंच विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?” मी म्हटलं, “या तिमाहीचे आकडे आल्यावर, सर.” डायरी माझ्यासमोर टेबलावर होती. तिच्यात जुलै लिहिलं होतं.

हिशेब करा. 420 ला घ्या म्हटलं, 388 ला मला कळलं. ती चूक बत्तीस रुपयांची. सगळे करतात, क्षम्य आहे. 388 ला कळूनही 210 ला तोंड उघडलं, ते एकशे अठ्ठ्याहत्तर रुपये. आणि हे पैसे माझे नव्हते, हे आणखी वाईट.

आपल्याकडे कोणी मोठ्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय भाषण झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून एक घेतो. वॉरन बफे. इंग्लंडच्या टेस्को या दुकानांच्या साखळीचे त्यांच्या कंपनीकडे 2012 च्या अखेरीस साडेएकेचाळीस कोटी शेअर होते. 2013 मध्ये तिथल्या व्यवस्थापनावरचा त्यांचा विश्वास उडू लागला. त्यांनी 11 कोटी 40 लाख शेअर विकले, त्यात 4 कोटी 30 लाख डॉलर नफासुद्धा झाला. उरलेले विकायला मात्र वेळ लावला. 2014 मध्ये सगळं संपवलं तेव्हा कर वजा जाता 44 कोटी 40 लाख डॉलरचा तोटा. हे त्यांनी स्वतःच भागधारकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलंय, आणि अशा दिरंगाईला आपले भागीदार चार्ली मंगर अंगठा चोखत बसणं म्हणतात, असंही लिहिलंय. माझा आणि त्यांचा रोग एकच, फक्त शून्यं जास्त.

माझ्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे. त्यांनी दुसऱ्याच वर्षी आकड्यासकट छापलं. मी आज, इतक्या वर्षांनी, बावीस माणसांसमोर सांगतोय, तेही कंपनीचं नाव न घेता.

हा रोग फक्त आम्हा अहवाल लिहिणाऱ्यांचा नाही. टेरन्स ओडीन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने दहा हजार गुंतवणूकदारांची खाती तपासली होती, 1998 साली ते छापून आलं. लोक नफ्यातले शेअर पटकन विकतात आणि तोट्यातले धरून बसतात. पुढच्या वर्षभरात विकलेल्या नफ्यातल्या शेअरांनी धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी 3.4 टक्के जास्त परतावा दिला. आपण सगळे “माझ्या भावाला आला की विकतो” म्हणतो ना, त्याचीच ही किंमत. तुम्ही कितीला घेतलात हे शेअरला माहीत नसतं हो. आणि 420 चा 210 झाला की परत 420 व्हायला पन्नास नाही, शंभर टक्के वाढावं लागतं. शिवाय आयकरात भांडवली तोटा भांडवली नफ्यातून वजा होतो, वेळेत विवरणपत्र भरलं तर आठ वर्षं पुढेही नेता येतो. विकला नाहीत तर तो तोटा नुसता मनात राहतो, तिथे वजावट नाही.

आता इथे एक धोका आहे, विशेषतः मागे बसलेल्या तरुण मंडळींसाठी. चूक लवकर मान्य करा म्हणजे भाव पडला की पळा, असं मी म्हणत नाही. भाव पडणं म्हणजे चुकणं नव्हे. तुम्ही ज्या कारणासाठी घेतलं, ते कारण गेलं तर तुम्ही चुकलात, मग भाव वर असला तरी. मार्च 2020 आठवा. 23 तारखेला निफ्टी एका दिवसात तेरा टक्के पडला, 7,610 ला बंद झाला. एप्रिलमध्ये मी ग्राहकांना लिहिलं, हा तळ परत दिसेल, थांबा. सोबत खाली एक ओळ घातली: गावाकडची मागणी दोन-तीन महिन्यांत सावरलेली दिसली तर माझं म्हणणं चूक समजा. जूनची ट्रॅक्टरविक्री आली, आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा जास्त. मी दुसऱ्या दिवशी पत्र पाठवलं: मी चुकलो, थांबू नका. पाठवताना हात थरथरत होता, कारण बाजार तोवर दहा हजारांच्या पुढे गेला होता आणि लोक हसणार होते. दोघं-चौघं हसलेही. नोव्हेंबरमध्ये बाजाराने जुना उच्चांक ओलांडला, तेव्हा हसणाऱ्यांपैकी एकाने पेढे पाठवले. धाडस माझ्यात नव्हतंच. ती ओळ आधीच लिहिलेली होती, म्हणून पळवाट उरली नाही.

म्हणून माझी एकच सवय सांगतो. काहीही घेताना, त्याच दिवशी, कागदाच्या तळाशी लिहा: अमुक तारखेपर्यंत अमुक झालं किंवा झालं नाही, तर मी चुकलो. तारीख हवीच. आणि ते दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. शक्यतो बायकोकडे, नाहीतर ज्याला तुमचा फारसा आदर नाही अशा मित्राकडे.

तुमच्या क्लबचं इतिवृत्ताचं रजिस्टर मी आल्याआल्या मागून घेतलं आणि चहाबरोबर वाचलं. एका शेअरपुढे ‘पुढील बैठकीत विचार करू’ हे वाक्य सात वेळा आहे. मधल्या काळात पडत्या भावात तोच शेअर आणखी घेऊन तीनदा ॲव्हरेज केलंय. अध्यक्ष हसताहेत, म्हणजे कोणता शेअर ते कळलं. मी त्यावर सल्ला देणार नाही. फक्त एवढंच विचारतो, पहिल्यांदा घेतला तेव्हा कारण काय लिहिलं होतं? मी शोधलं. ‘सर्वानुमते’ एवढंच सापडलं.

आता दुसऱ्याच्या रजिस्टरवर बोट ठेवलं, तर स्वतःचंही उघडावं लागतं. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मी याच खुर्चीत बसून रसायन कंपन्यांबद्दल बोललो होतो, आठवत असेल. चीनचा स्वस्त माल गोदामांतून बाहेर पडतोय, दोन तिमाहीत संपेल, मग आपल्या कंपन्यांचं मार्जिन सावरेल, असं म्हणालो होतो. तुमच्यापैकी काहींनी ऐकून पैसे घातले, हेही मला माहीत आहे. मी गोदामातला माल मोजत होतो. खरं तर मोजायला हवे होते तिथले नवे कारखाने. साठा संपतो, कारखाना संपत नाही. माझ्या कागदाच्या तळाशी जी तारीख होती ती पाच आठवड्यांपूर्वी उलटली. या पाच आठवड्यांत मी दोनदा स्वतःला म्हणालो, अजून एक तिमाही बघू.

तर, ते मत मी आज मागे घेतो. चिटणीसबाई, इतिवृत्तात घाला. तारखेसकट. आणि पाच आठवडे उशीर, तेही लिहा.