मावशी, मेनूचा फोटो मिळाला, ऑर्डर द्यायच्या आधी हे वाच

मावशी, उजवीकडचा कोपरा लाइटच्या चमकेत गेलाय, तेवढा सोडून सगळं वाचता आलं. आधी एक सांगते, तू मांस, मासे, अंडं खात नाहीस, पण क्योटोत टोफू-भाज्या भरपूर मिळतात म्हणून निर्धास्त राहू नकोस, खरी अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवून धुरी दिलेल्या बोनितो माशाचा कीस आणि कोंबू नावाचं समुद्री शेवाळ यांचं पाणी, ते सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये सगळीकडे असतं आणि दिसायला अगदी साधं पाणी, त्यामुळे बघून कळतच नाही.

पहिली ओळ एदामामे, मीठ घालून उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, बिनधास्त घ्या. दुसरी हियायाक्को, थंड टोफू, पण त्यावर रंधा मारल्यावर लाकडाच्या पातळ ढलप्या निघतात ना तसलं गुलाबी-तपकिरी काहीतरी भुरभुरवलेलं असतं, तो मासाच आहे. "कात्सुओबुशी नुकी दे" म्हणजे तो माशाचा कीस नको असं आधीच सांग, आलेल्या प्लेटवरून नुसतं बाजूला करून खाऊ नकोस.

तिसरी ओळ नीट वाच कारण काकांना तिळाची ॲलर्जी आहे. गोमादोफू. नावात टोफू असला तरी त्यात सोयाबीन नसतं, तीळ वाटून कुडझूच्या स्टार्चमध्ये घट्ट केलेला असतो. पांढरा मऊ चौकोन, अगदी टोफूच वाटतो, तीळ दिसत नाहीत. काकांनी त्याला हातही लावायचा नाही, तुझ्यासाठी वरचा सॉस नको म्हटलंस तर चालेल कारण त्यात दाशी असू शकते.

भाज्यांचा तेंपुरा दोघांनाही नको, पिठात बहुतेक अंडं असतं, कोळंबी त्याच तेलात तळतात आणि तेलात तिळाचं तेल मिसळलेलं असू शकतं. चावानमुशी अंड्याचंच. मिसो सूप दाशीतलं. झारू सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या थंड नूडल्स, बहुतेकदा गहूही असतो, सोबतचं बुडवायचं पाणी माशाचं, त्याऐवजी साधा सोया सॉस माग. पण कुट्टूची ॲलर्जी काही जणांना फार जोरात येते, तुम्ही दोघांनी कधी खाल्लेला नसेल तर प्रवासात प्रयोग नको असं मला वाटतं.

शेवटून दुसरं काप्पामाकी, काकडीचे सुशी रोल, भात, व्हिनेगर आणि नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा पातळ कागद, मासा नाही, फक्त आत तीळ टाकतात कधीकधी.

वेटरला हे म्हण: "निकु, साकाना, तामागो, कात्सुओ दाशी वा ताबेरारेमासेन" म्हणजे मांस, मासे, अंडं, माशाची दाशी खाऊ शकत नाही. आणि काकांकडे बोट दाखवून "गोमा आरेरुगी देसु" म्हणजे तिळाची ॲलर्जी आहे.

आत्ता एदामामे, तीळ अजिबात नकोत असं सांगून काप्पामाकी, आणि साधा भात मागवा, आणि तो कोपरा मेनू जरा तिरका धरून परत पाठव, तिथे लोणच्यांची नावं असावीत असं वाटतंय, त्यातही कधी मासा घालतात.