बायोसिमिलर इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी: संधिवाताचे रुग्ण आणि घरच्यांसाठी

आमच्या नाशिकच्या क्लिनिकमध्ये अ‍ॅडालिम्युमॅब या संधिवातावरच्या औषधाचं बायोसिमिलर लिहून दिलं की बहुतेक जण विचारतात, "म्हणजे हे जेनेरिकच ना?" जेनेरिक नाही. मूळ औषधाचं पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने ते बनवायचं, एवढंच दोन्हींत सारखं आहे.

पॅरासिटामॉलच्या एका रेणूत 20 अणू असतात. तो रासायनिक प्रक्रियेने बनतो, त्यामुळे कुठल्याही कारखान्यात हुबेहूब तोच रेणू तयार होतो. हे झालं जेनेरिक. अ‍ॅडालिम्युमॅब हे प्रथिन आहे. त्याच्या एका रेणूत सुमारे 20 हजार अणू असतात आणि ते जिवंत पेशींकडून तयार करून घ्यावं लागतं. निफाड आणि दिंडोरीत एकाच जातीची द्राक्षं लावली तरी दोन बागांच्या गोडीत थोडा फरक पडतो, तसंच इथे होतं. मूळ कंपनीच्या दोन बॅचही अगदी तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून 'तेच' न म्हणता 'सिमिलर', म्हणजे सारखं, म्हणतात.

सारखं म्हणजे कमी प्रतीचं, असं मुळीच समजू नका. जेनेरिक गोळीसाठी मुख्यतः ती मूळ गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे दाखवावं लागतं. बायोसिमिलरची तपासणी त्यापेक्षा बरीच मोठी असते. प्रथिनाची रचना, पेशींवरचं काम, रक्तातलं प्रमाण, शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं का, हे सगळं मूळ औषधाशी ताडून पाहतात. भारतात यासाठी 2012 पासून स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आहेत. हा खर्च आणि पेशी वाढवण्याचा खर्च यांमुळे बायोसिमिलर मूळ औषधापेक्षा स्वस्त असलं, तरी जेनेरिक गोळीइतकं स्वस्त होत नाही.

आधी मूळ औषध चालू असेल तर बदलता येतं का? डॉक्टरांच्या देखरेखीखाली येतं. नॉर्वेत याच गटातल्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाच्या मूळ ब्रँडवरच्या रुग्णांना बायोसिमिलरवर नेऊन वर्षभर पाहिलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आजार बळावण्याच्या बाबतीत बायोसिमिलर मूळ औषधापेक्षा वाईट ठरलं नाही. पण मेडिकलवाल्याने "हेही तेच आहे" म्हणून दुसऱ्या कंपनीचं दिलं, तर घेण्याआधी आम्हाला विचारा. प्रत्येक वेळी ब्रँडचं नाव आणि बॅच नंबर फाइलमध्ये लिहा. पुढे काही त्रास झालाच, तर नेमकं कुठलं इंजेक्शन होतं ते त्यावरूनच कळतं.

टीबीची तपासणी मूळ औषध आणि बायोसिमिलर दोन्हींआधी सारखीच लागते, ती टाळू नका. ताप, न थांबणारा खोकला किंवा अंगावर पुरळ आलं तर पुढचा डोस न घेता आधी या.

इंजेक्शन 2 ते 8 अंश तापमानात ठेवायचं. सुरगाणा, येवल्याकडे एसटीने नेताना थर्मास पेटीत ठेवा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इंजेक्शन वितळल्यावर ठीक दिसलं तरी वापरायचं नाही.