सराव प्रश्न 14: नॅट गेटवेचं फुगलेलं बिल

खासगी सबनेटमधले ईसी-टू सर्व्हर त्याच रीजनमधल्या एस-थ्री बकेटमध्ये महिन्याला 10 टीबी लॉग टाकतात, नॅट गेटवेमार्फत. सर्वांत किफायतशीर बदल कोणता?

अ) इंटरफेस एंडपॉइंट
ब) गेटवे एंडपॉइंट
क) प्रत्येक झोनमध्ये वेगळा नॅट गेटवे
ड) स्वतः सांभाळलेला नॅट इन्स्टन्स

उत्तर: ब

चालतात चारही. क मध्ये झोनपार वाहतुकीचा खर्च वाचतो, पण दर जीबीचं प्रक्रिया शुल्क तसंच राहतं, वर तासाचं भाडं वाढतं. ड मध्ये ते शुल्क नाही. सर्व्हरचं भाडं आणि देखभाल मात्र गळ्यात. अ ला तासाचे आणि जीबीचे, दोन्ही पैसे. ब फुकट आहे. फक्त सबनेटच्या राउट टेबलला जोडायला विसरलात, तर वाहतूक मुकाट नॅटमधूनच जात राहते.

प्रश्नात ‘व्हीपीएनवरून स्वतःच्या डेटा सेंटरमधूनही’ असं असतं, तर उत्तर अ.