भाऊकाका, हे फक्त तुमच्यासाठी

ती. भाऊकाका, सा. न.

हे ग्रुपवर टाकलेलं नाही, फक्त तुम्हालाच पाठवते आहे. फोनवर बोलायचं मनात होतं, पण फोनवर सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारण्यातच वेळ जातो आणि असा विषय मध्येच काढता येत नाही. मेसेज लांब आहे, सवडीने वाचा.

विनंती आधीच सांगून टाकते. आरोग्याचे आणि राजकारणाचे जे मेसेज तुमच्याकडे कुठून कुठून येतात आणि जे खरे की खोटे हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ते ग्रुपवर पुढे पाठवणं थांबवाल का?

तुम्ही हे कशापोटी करता ते मला कळतं. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा रात्र रात्र हॉस्पिटलच्या बाकावर तुम्हीच बसला होतात. तेव्हापासून हृदयाबद्दल काहीही आलं की ते आधी आमच्याकडे येतं. आमची काळजी वाटते म्हणूनच तुम्ही पाठवता, त्यामुळे रागाने किंवा कंटाळून हे लिहीत नाही.

पण गेल्या आठवड्यातला तो खोकण्याचा मेसेज घ्या. एकटे असताना हार्ट अटॅक आला तर खोल श्वास घ्या, जोरजोरात खोका, तेवढ्याने जीव वाचतो, असं त्यात होतं. हा मजकूर व्हॉट्सॲपच्याही आधीपासून, ईमेलच्या काळापासून फिरतो आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि ब्रिटनची रिससिटेशन कौन्सिल या दोघांनीही या उपायाला दुजोरा दिलेला नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली असते, आणि खोकल्याने ती मोकळी होत नाही. हृदय पूर्णच बंद पडलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, मग खोकणार कोण? हॉस्पिटलमध्ये मॉनिटर लावलेला असताना, डॉक्टर शेजारी उभे असताना, ठरावीक प्रसंगी पेशंटला खोकायला सांगतात. तेवढाच धागा धरून कुणीतरी बाकीचं रचलं आहे.

बाबांनी तो मेसेज सेव्ह करून ठेवलाय, काका. उद्या खरंच छातीत दुखायला लागलं, तर ॲम्ब्युलन्स बोलवायची सोडून ते खोकत बसतील, या विचाराने मला झोप लागत नाही. पक्षाघात झाला की बोटांना सुई टोचून रक्त काढा, हा मेसेजही तसाच. गुठळीमुळे पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळवणारं औषध साधारणपणे पहिलं लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅनही व्हावा लागतो. सुई शोधण्यात आणि टोचण्यात जाणारी मिनिटं या वेळातूनच कमी होतात.

आता सुमनआत्याचं सांगते. हे तुमच्या कानावर आलेलं नसणार, कारण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिने कुणाला सांगूच दिलं नाही. बीपीच्या गोळ्यांनी किडन्या जातात, त्याऐवजी अमुक काढा घ्या, असा मेसेज मध्यंतरी ग्रुपवर आला होता. तिने गोळ्या बंद केल्या. चांगले काही आठवडे. तिला त्रास काहीच जाणवला नाही, म्हणून काढा लागू पडला असं तिला वाटलं. पण बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही, तीच तर त्यातली भीती आहे. शिवाय किडन्या बिघडवतं ते ताब्यात न ठेवलेलं बीपी. म्हणजे मेसेजमध्ये सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट. नेहमीच्या तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी आकडा पाहून पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं, आणि गोळ्या घेताय ना, असं विचारलं. तेव्हा कुठे हे बाहेर आलं. आता ती ठीक आहे, गोळ्या पुन्हा सुरू आहेत.

मी तिला विचारलं, आत्या, डॉक्टरांना न विचारता बंद कशा केल्यास? ती म्हणाली, "अगं, भाऊने पाठवलं होतं ना! भाऊ वाचल्याशिवाय कशाला पाठवेल?"

हे लिहायचं की नाही याचा मी खूप विचार केला. तुम्हाला दोष द्यावा म्हणून लिहिलेलं नाही. तो मजकूर रचणारा कोण हे आत्याला माहीत नाही, तुम्हाला नाही, मलाही नाही. ती त्याच्यावर विसंबलीच नाही, ती तुमच्यावर विसंबली. आपल्या घरात तुमच्या शब्दाला वजन आहे. घराचं कर्ज असो, लग्नाची बोलणी असोत, भाऊ काय म्हणतोय ते आधी विचारतात. फॉरवर्ड केलेल्या मजकुराच्या वर तुमचं नाव दिसलं की त्या अनोळखी माणसाच्या बोलण्याला तुमचा शब्द चिकटतो. तुम्ही आयुष्यभर हिशेब तपासलेत. व्हाउचर पाहिल्याशिवाय तुम्ही कधी सही केली नाहीत, वरून कितीही घाई झाली तरी. फॉरवर्ड हीसुद्धा सहीच आहे, काका. आत्याने ती तशीच धरली.

राजकारणाच्या मेसेजबद्दल लिहिताना जास्त जपून लिहिते आहे. तुमचं मत बदला असं मी म्हणत नाही. तुम्ही कुणाला मत देता आणि मी कुणाला देते, हा ज्याचा त्याचा प्रश्न. समोरासमोर वाद घालायला तर मला आवडतं, आणि त्यात तुमच्याकडून मला शिकायलाही मिळतं. अडचण फक्त मजकुराची आहे. परवा तुम्ही जमावाचा व्हिडिओ पाठवलात, खाली "कालची घटना, मीडिया दाखवणार नाही" असं होतं. मी त्यातल्या एका दृश्याचा स्क्रीनशॉट काढून गूगलवर इमेज शोधून पाहिली. तेच दृश्य कितीतरी जुन्या बातम्यांमध्ये निघालं, प्रसंग वेगळा, देशही वेगळा. तुमच्या पक्षाच्या विरोधातले असे व्हिडिओही तितकेच फिरतात, मला माझ्या मैत्रिणींकडून येतात, आणि त्यांनाही मी हेच सांगते.

व्हिडिओ डोळ्यांनी पाहिला की खरा वाटतो. पण 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा उठली तेव्हाचा एक व्हिडिओ आठवा. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम बनवलेला होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला भाग खरी घटना म्हणून लाखो फोनवर गेला. त्याच अफवांच्या लाटेत 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपापल्या भागातल्या मुलांची काळजीच वाटत असणार. मारावं असं त्यांच्यातल्या कितीजणांच्या मनात असेल?

आपल्या ग्रुपवर एवढं टोकाचं काही होणार नाही, मला माहीत आहे. पण होतंय ते असं, की निवडणूक जवळ आली की निखिलदादा आणि मोहनकाकांमध्ये जुंपते, वहिनी ग्रुप म्यूट करतात, आणि मग कामाचा निरोपही कुणी बघत नाही. आजीला ॲडमिट केलं तो मेसेज दादाने दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. तो रात्रीच येऊ शकला असता.

आता मी काय मागते आहे ते नेमकं सांगते, म्हणजे गोष्ट मोघम राहणार नाही.

मेसेजच्या वर दोन बाण दिसले तर तो किमान पाच हातांतून फिरून आलेला असतो. अशा मेसेजमुळे इतकं नुकसान झालं की एप्रिल 2020 पासून व्हॉट्सॲपनेच तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल अशी मर्यादा घातली. असे दोन बाण दिसले की ग्रुपवर टाकू नका, मला पाठवा. रात्री-अपरात्री पाठवलात तरी चालेल. मी शोधून, बाबांच्या डॉक्टरांना विचारायचं असेल तर विचारून, तुम्हाला कळवीन. खरा निघाला तर तुम्हीच ग्रुपवर टाका. आणि "औषध बंद करा" असं ज्यात असेल, तो मात्र मला पाठवायचीही वाट पाहू नका, तिथेच पुसून टाका. खरा सल्ला कधीच अशा वाटेने येत नाही, औषध थांबवायचं ते ज्याने दिलं त्या डॉक्टरांनीच सांगायचं असतं. "सगळ्यांना पाठवा", "डिलीट होण्याआधी पाठवा", असं लिहिलेलं असेल तर तेवढ्यावरूनही ओळखा, ज्याच्याजवळ पुरावा असतो तो एवढी घाई करत नाही.

जुने मेसेज शोधून पुसत बसायची गरज नाही. फक्त तो खोकण्याचा आणि सुईचा, या दोन्हींखाली "हे बरोबर नाही, असं काही झालं तर आधी ॲम्ब्युलन्स बोलवा" एवढी ओळ तुम्ही टाकलीत तर फार बरं होईल. मी टाकली तर पोरगी मोठ्यांना शिकवते असं होईल. तुम्ही टाकलीत तर सगळे ऐकतील, आत्या तर नक्कीच.

आणि ग्रुपवर लिहिणं बंद करू नका, ही दुसरी विनंती. आजोबांच्या बदल्यांच्या गावांबद्दल तुम्ही लिहिलं होतं, ते मी दोनदा वाचलं आणि मुलांनाही वाचून दाखवलं. धाकट्याने विचारलंय की नदीला पूर आला तेव्हा शाळेतली पुस्तकं वर कुणी नेली, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. राजकारणावरही लिहा, पण तुमचं तुम्ही लिहा, तुमच्या शब्दांत. त्यावर मी वाद घालीन, पण म्यूट करणार नाही.

यातलं काही लागलं असेल तर मला थेट सांगा, मनात ठेवू नका. बाबांना हा मेसेज मी दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. आत्याचं मी तुम्हाला सांगितलं हे तिला कळू देऊ नका, तिने मला शपथ घातली होती.

रविवारी सकाळी फोन करते. काकूंना नमस्कार सांगा, त्यांच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं काय झालं तेही तेव्हा विचारीन.

तुमची,
सायली