काव्यवाचनाची संध्याकाळ : नगर वाचनालय, सांगली

शनिवार, २७ फेब्रुवारी रोजी, मराठी भाषा गौरव दिनाच्या संध्याकाळी साडेपाच वाजता, आपल्या वाचनालयाच्या वाचनकक्षात कवितांची मैफल भरणार आहे. ‘आपल्याला कवितेतले काय कळते’ असे म्हणून आजवर दारातूनच परतलेल्या रसिकांसाठी हे निमंत्रण मुद्दाम लिहीत आहोत. येथे कोणी कोणाला अर्थ विचारत नाही. नुसते ऐकत बसलात तरी आनंदच आहे, आणि वाचावेसे वाटले तर स्वतःची किंवा आवडत्या कवीची एक कविता, अगदी शाळेत पाठ केलेली असली तरी, अवश्य सोबत आणावी. प्रवेश विनामूल्य असून सभासदत्वाची अट नाही. वाचणाऱ्यांनी ग्रंथपालांकडे आधी नाव नोंदवावे. मात्र ऐन वेळी धीर येणाऱ्यांसाठी (असे दरवेळी निघतातच) शेवटची वीस मिनिटे राखून ठेवली आहेत.